घाम वाळू देणारे कापड कोणते? सुती, पॉलिएस्टर, मिश्र की लोकरी?

जून महिन्यातली सकाळ. आभाळ भरून आले आहे, पण पाऊस पडत नाही. वाऱ्याचे नाव नाही. इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही घराबाहेर पडता. रिक्षा मिळत नाही म्हणून स्टेशनपर्यंत पंधरा मिनिटे भरभर चालता आणि प्लॅटफॉर्मवर पोहोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो. तासाभराने ऑफिसच्या एसीत तोच ओला शर्ट अंगाला गार लागतो आणि शिंका सुरू होतात.

मुंबई, गोवा, चेन्नई, कोलकाता किंवा कोची यांपैकी कुठेही राहत असाल तर हा अनुभव तुम्हाला नवा नाही. त्यावरचे सल्लेही ठरलेले असतात. आई म्हणते, ‘सुतीच घाल.’ मुलगा म्हणतो, ‘आई, सुती भिजले की वाळतच नाही, माझा स्पोर्ट्स टी-शर्ट बघ.’ शिंपी म्हणतो, ‘मिक्स घ्या, इस्त्रीचा त्रास नाही.’ आणि हल्ली कोणीतरी मित्र ट्रेकहून येऊन सांगतो की, त्याने चक्क लोकरीचा टी-शर्ट घातला होता!

यातला कोणीच पूर्ण चुकीचा नाही. फक्त प्रत्येक जण वेगळ्या प्रसंगाबद्दल बोलत आहे. तेव्हा वर सांगितलेली सकाळ डोळ्यांसमोर ठेवू या आणि चार दिवस चार वेगळे शर्ट घालून तोच रस्ता चालून पाहू या.

आधी घामाचा हिशेब

घाम येण्याने शरीर थंड होत नाही. घाम वाळण्याने होते. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती उष्णता त्वचेतून घेतली जाते. १०० ग्रॅम घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर शरीरातून सुमारे ५८ कॅलरी उष्णता निघून जाते (या आहारात मोजतो त्याच कॅलरी). पंधरा मिनिटे भरभर चालताना मध्यम वजनाचे शरीर साधारण ६० कॅलरी खर्च करते. म्हणजे अर्ध्या पेल्याइतका घाम नीट वाळला तर चालण्यातून तयार झालेली जवळजवळ सगळी उष्णता बाहेर पडते. पण तोच घाम थेंबाथेंबाने पाठीवरून ओघळून गेला तर शरीराला त्याचा जवळपास काहीच उपयोग होत नाही. पाणी गेले, मीठ गेले आणि उष्णता मात्र आतच राहिली.

दमट हवेत नेमके हेच होते. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी तापमान ४३ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर एक घनमीटर हवेत सुमारे १२ ग्रॅम पाण्याची वाफ असते. मुंबईत ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर तेवढ्याच हवेत २५ ग्रॅम वाफ आधीच भरलेली असते. घामाने ओल्या, ३५ अंशाच्या त्वचेला लागून असलेल्या हवेत ती सुमारे ४० ग्रॅम असते. घाम वाळण्याचा वेग या दोन आकड्यांमधल्या फरकावर ठरतो. नागपुरात तो २८ आहे, मुंबईत फक्त १५. म्हणून अकरा अंशांनी कमी तापमान असूनही मुंबईत घाम जवळजवळ निम्म्या वेगाने वाळतो आणि जीव जास्त नकोसा होतो.

कापड हवेतली ही वाफ कमी करू शकत नाही. चांगले कापड दोनच गोष्टी करते. त्वचेजवळची ओलसर हवा बाहेर जाऊ देते आणि जो घाम वाळला नाही तो एका जागी साचू न देता पसरवते. चारही शर्टांना आपण याच कसोटीवर पाहू.

पहिला दिवस : सुती शर्ट

कापसाच्या तंतूला पाणी आवडते. प्रयोगशाळेत कापड मोजताना २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता अशी हवा ठरवून घेतलेली असते. त्या हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस ८ ग्रॅमच्या आसपास वाफ तंतूच्या आत शोषून घेतो आणि तरीही हाताला कोरडाच लागतो. त्यामुळे घराबाहेर पडल्यावर पहिली पाच-सात मिनिटे सुती शर्ट छान वाटतो. त्वचेवर नुकतीच सुटू लागलेली वाफ तो गुपचूप आत घेत असतो.

पण या शोषण्याला मर्यादा आहे. तुमचा शर्ट २०० ग्रॅमचा असेल तर तंतूंच्या आत आणखी २०-२५ ग्रॅम पाणी मावेल आणि दमट हवेत त्यातली काही जागा आधीच भरलेली असते. १०० ग्रॅम घामातला निम्मा जरी वाळला नाही तरी तो सगळा तंतूंत मावत नाही. शिवाय घाम सगळ्या शर्टावर सारखा पसरत नाही. पाठ, काख आणि छाती इथेच तो जास्त येतो. तिथले तंतू भरले की पाणी धाग्यांच्या मधल्या फटींमध्ये जाऊन बसते. ज्या फटींतून हवा खेळत होती त्याच बंद होतात. भिजलेला कापूस फुगतो, त्यामुळे त्या आणखी आवळतात. शर्ट जड होतो, पाठीला चिकटतो आणि मग त्वचा आणि कापड यांच्यामध्ये हवा उरतच नाही.

म्हणून सुती कापडाबद्दल एवढे म्हणता येईल की, थोडा घाम येत असेल तर त्याच्यासारखे सुख नाही. भरपूर घाम येत असेल तर मात्र ते पातळ आणि सैल असेल तरच सुखाचे. जाड सुती टी-शर्ट, जीन्स किंवा दुहेरी कापडाचा कुर्ता हेही शंभर टक्के सुतीच असतात, पण दमट हवेत ते ओल्या टॉवेलसारखे वागतात.

दुसरा दिवस : पॉलिएस्टर

पॉलिएस्टरचा तंतू पाणी जवळपास घेतच नाही. प्रयोगशाळेतल्या त्याच हवेत १०० ग्रॅम पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही वाफ शोषत नाही. म्हणून साधा, घट्ट विणीचा, गुळगुळीत पॉलिएस्टर शर्ट घालून निघालात तर पहिल्या पाच मिनिटांतच अंगाशी वाफ कोंडल्यासारखे वाटते. घाम तंतूत जात नाही, हवाही आरपार जात नाही, मग तो त्वचेवरच राहतो आणि ओघळू लागतो.

मग खेळाडूंचे टी-शर्ट पॉलिएस्टरचेच का असतात? फरक धाग्याच्या आणि विणीच्या रचनेत आहे. या टी-शर्टांत केसाहून बारीक असे अनेक तंतू एकत्र घेऊन धागा केलेला असतो आणि काही वेळा तंतूंना लांबीच्या दिशेने खाचाही असतात. दिव्याच्या वातीत तेल चढते तसा घाम या बारीक फटींतून सरकतो आणि कापडाच्या बाहेरच्या बाजूला मोठ्या जागेवर पसरतो. वीण जाळीसारखी असते, त्यामुळे हवाही आत-बाहेर करते. तंतू स्वतः पाणी पीत नसल्याने कापडात एकूण पाणी कमी राहते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पॉलिएस्टरमधले पाणी काही जादूने लवकर उडत नाही. दोरीवर सारख्या वाऱ्यात टाकलेल्या दोन ओल्या कपड्यांतून सुरुवातीला साधारण सारख्याच वेगाने पाणी उडते. पॉलिएस्टर आधी वाळते ते मुख्यतः त्यात पाणी कमी असते म्हणून. तुमच्या घरी वजनकाटा असेल तर स्वतः पाहा. एक सुती आणि एक पॉलिएस्टर टी-शर्ट कोरडा तोला, भिजवून सारखाच पिळा आणि पुन्हा तोला. वजनातला फरक म्हणजे त्या कपड्याने धरलेले पाणी. तेवढेच पाणी हवेने उडवायचे असते.

त्यामुळे धावताना, सायकल चालवताना, बॅडमिंटन खेळताना असा जाळीदार टी-शर्ट सुतीपेक्षा सरस ठरतो, कारण तिथे घाम खूप असतो आणि हालचालीमुळे वाराही लागतो. पण गर्दीच्या लोकलमध्ये स्थिर उभे असताना वारा नसतो. तिथे त्याचा फायदा बराच कमी होतो.

पॉलिएस्टरची दुसरी अडचण म्हणजे वास. घामाला स्वतःचा वास फारसा नसतो. त्वचेवरचे जिवाणू घामातल्या घटकांवर काम करतात तेव्हा वास तयार होतो. शरीराचे तेलकट अंश पॉलिएस्टरला घट्ट धरून राहतात आणि साध्या धुण्यात पूर्ण निघत नाहीत. म्हणूनच धुतलेला टी-शर्ट कपाटात वास देत नाही, पण अंगात घालून दहा मिनिटे झाली की काखेतून जुनाच वास पुन्हा येतो. असे कपडे घामेजलेले असताना बादलीत दाबून ठेवू नका, लगेच धुवा आणि उलटे करून धुवा.

तिसरा दिवस : मिश्र कापड

आपल्याकडे ‘टेरीकॉट’ किंवा ‘पॉलिकॉटन’ म्हणून जे शर्टाचे कापड मिळते त्यात बहुधा ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के कापूस असतो. शाळेच्या पँट आणि पिनाफोरच्या कापडात पॉलिएस्टरसोबत कापसाऐवजी व्हिस्कोस असते. लेबलवर टक्केवारी लिहिलेली असते, ती नक्की वाचा, कारण ‘कॉटन मिक्स’ या दोन शब्दांत २० टक्के कापूसही बसतो आणि ८० टक्केही.

६५-३५ च्या कापडाची वाफ शोषण्याची ताकद दोन तंतूंच्या प्रमाणात येते. ती शुद्ध सुतीच्या निम्म्याहूनही कमी असते. म्हणजे पहिल्या पाच-सात मिनिटांचे ते कोरडे सुख इथे लवकर संपते. पण कापड पातळ आणि मोकळ्या विणीचे असेल तर पंधराव्या मिनिटाला ते जाड सुती शर्टापेक्षा कमी जड झालेले असते. एसीत पोहोचल्यावर ते लवकर कोरडे होते आणि अंगाला गार लागण्याचा वेळ कमी होतो.

मिश्र कापडाची खरी परीक्षा मात्र जुलैत, घरातल्या दोरीवर होते. समजा, तुमच्या मुलीकडे शाळेच्या गणवेशाचे दोनच जोड आहेत. पाऊस थांबत नाही. संध्याकाळी धुतलेला सुती गणवेश सकाळी शिवणींवर, कॉलरखाली आणि कमरेच्या पट्टीत ओलसरच असतो, त्याला कुबट वास येतो. तो घालून ती सात तास बसणार. ओलसर कापड त्वचेला सतत लागून राहिले की घामोळे येते, जांघेत आणि काखेत बुरशीचा संसर्ग म्हणजे नायटा होण्याचा धोका वाढतो. अशा वेळी पूर्ण वाळलेला मिश्र गणवेश हा ओलसर सुती गणवेशापेक्षा चांगला. मात्र आतली बनियन, स्लिप आणि चड्डी पातळ सुती द्या आणि त्यांचे जोड जास्त ठेवा. ते कपडे लहान असतात, पंख्याखाली रात्रीत वाळतात.

मिश्र कापडाची एक उणीव वापरात दिसते. कापसाचा तंतू घासून तुटतो, पण मजबूत पॉलिएस्टर त्याला सोडत नाही, म्हणून कॉलर आणि काखेजवळ कापडावर गोळे येतात. असे कापड त्वचेला खरखरीत लागते. लहान मुलाच्या मानेवर लाल चट्टा दिसला तर कॉलरच्या आतून हात फिरवून पाहा.

चौथा दिवस : लोकरीचा टी-शर्ट?

लोकर म्हटले की आपल्याला स्वेटर, शाल किंवा धनगराच्या खांद्यावरचे घोंगडे आठवते. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि खरबरीत असते. ती घोंगडीसाठीच योग्य. टी-शर्टसाठी वापरतात ती मेरिनो मेंढीची लोकर. तिचा तंतू साधारण १७ ते १९ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा असतो. तो त्वचेला लागताच वाकतो, म्हणून टोचत नाही. त्याचे विणलेले कापड पातळ सुती टी-शर्टाएवढेच हलके करता येते.

शोषण्यात लोकर चौघांमध्ये पहिली. त्याच प्रयोगशाळेतल्या हवेत १०० ग्रॅम लोकर सुमारे १६ ग्रॅम वाफ घेते, कापसाच्या दुप्पट. गंमत अशी की, तिच्या तंतूचा बाहेरचा थर पाण्याला दूर ठेवतो आणि वाफ मात्र आत जाते. त्यामुळे घामाने ओली झाली तरी ती सुतीसारखी लगेच पाठीला चिकटत नाही. वासाच्या बाबतीतही ती सरस आहे, दोन-तीन दिवसांच्या ट्रेकमध्ये एकाच टी-शर्टवर भागते, तुमच्या मित्राने सांगितले ते खरे आहे.

मग दमट शहरात सगळ्यांनी लोकर का घालू नये? एक कारण तंतूच्या स्वभावातच आहे. लोकर वाफ शोषते तेव्हा उष्णता सोडते. वाळताना पाणी जेवढी उष्णता नेते, ती शोषताना परत मिळते. तुम्ही एसीच्या कोरड्या हवेतून १५० ग्रॅमचा लोकरी टी-शर्ट घालून एकदम रस्त्यावरच्या दमट हवेत आलात तर तो हळूहळू ८-९ ग्रॅम वाफ ओढून घेतो. त्यातून सुटणारी उष्णता शांत बसलेल्या शरीराच्या तीन-चार मिनिटांच्या उष्णतेएवढी भरते. सुतीतही हे घडते, पण साधारण निम्मे. पॉलिएस्टरमध्ये जवळपास नाही. उलट रस्त्यावरून एसीत शिरलात की लोकर ती वाफ हळूहळू सोडते आणि अंग एकदम गार पडू देत नाही. थोडक्यात, लोकर बदल सौम्य करते, पण दिवसभर उकाड्यातच राहणाऱ्याला त्याचा फायदा नाही.

दुसरी कारणे व्यवहाराची आहेत. मेरिनोचे कपडे महाग असतात, पातळ असल्याने लवकर भोके पडतात, गरम पाण्यात आणि मशीनच्या जोरदार धुण्यात आटतात. आणि दमट शहरात लोकर कपाटात ठेवली की कसर लागण्याची भीती असतेच. रोजच्या उकाड्यासाठी ती गरजेची नाही. पावसाळी ट्रेक, लांबचा रेल्वेप्रवास किंवा दिवसातून दहा वेळा एसीत आत-बाहेर करण्याचे काम असेल, तर विचार करण्यासारखी आहे.

तंतूपेक्षा मोठी गोष्ट : वीण, वजन आणि माप

चारही दिवसांतून एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. प्रत्येक वेळी ‘पातळ असेल तर’, ‘मोकळी वीण असेल तर’ असे म्हणावे लागले. दमट हवेत तंतूच्या नावाइतकेच, काही वेळा त्याहून जास्त, हेच महत्त्वाचे ठरते.

कापडाचे वजन एका चौरस मीटरला किती ग्रॅम असे मोजतात. ऑनलाइन दुकानांत ते ‘जीएसएम’ म्हणून लिहिलेले असते. मलमल ६० ते ८० च्या आसपास असते, पातळ शर्टाचे पॉपलिन ११० ते १३०, नेहमीचा टी-शर्ट १६० ते १८० आणि जीन्सचे कापड ३०० च्या पुढे. हे सगळे सुती असू शकते. पण १८० चा टी-शर्ट मलमलीच्या सदऱ्याच्या दुपटीहून जास्त पाणी धरून ठेवू शकतो. जुने लोक उन्हाळ्यात मलमलीचा सदरा का घालत याचे उत्तर इथे आहे.

मापही तेवढेच कामाचे. सैल कुर्त्यात चालताना कापड हलते आणि दर पावलाला त्वचेजवळची ओली हवा गळ्यातून आणि खालून बाहेर ढकलली जाते. अंगाला घट्ट बसलेल्या शर्टात ही हवा अडकते. स्ट्रेच होणाऱ्या कपड्यात असलेले तीन-चार टक्के स्पॅन्डेक्स स्वतः फारसे उकडवत नाही, त्याच्यामुळे घट्ट शिवलेले माप उकडवते.

खळीचेही असेच. कडक खळ दिलेली सुती साडी किंवा कुर्ता अंगापासून दूर उभा राहतो, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात छान वाटतो. पण खळ धाग्यांमधल्या फटीही बुजवते. दमट हवेत घाम आला की ती मऊ पडते, कापड चिकटते आणि पावसाळ्यात खळीच्या कपड्यांवर बुरशीही लवकर धरते. जून ते सप्टेंबर खळ हलकी ठेवा किंवा देऊच नका. कापड मऊ करणारे सुगंधी द्रव धुताना वापरत असाल तर तेही आवरा. ते धाग्यांवर पातळ थर चढवते आणि पाणी शोषणे कमी करते.

घेण्याआधी आणि घेतल्यावर तपासा

दुकानात करता येण्यासारखी चाचणी फुंकरीची आहे. कापडाचा एक पदर ओठांजवळ धरा, पलीकडे तळहात ठेवा आणि फुंकर मारा. हवा तळहाताला सहज लागली तर कापड मोकळे आहे. गाल फुगवावे लागले तर लेबलवर काहीही लिहिले असो, ते उकडणार. मग कापड उजेडासमोर धरा. बारीक बारीक छिद्रे सारखी दिसली पाहिजेत.

घरी आणल्यावर थेंबाची चाचणी करा. नव्या कापडावर कारखान्यातले लेप असतात, म्हणून आधी एकदा धुऊन पूर्ण वाळवा. मग आतल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब सोडा. तो काही सेकंदांत पसरून मोठा डाग झाला तर घामही तसाच पसरेल. थेंब मोत्यासारखा तसाच बसून राहिला तर घाम तुमच्या पाठीवरच राहील. हा एक अपवाद लक्षात ठेवा : लोकरीवर थेंब काही वेळ बसूनच राहतो, तिचे काम वाफेवर चालते.

शंभर टक्के सुती म्हणून घेतलेल्या कापडाची शंका आली तर आतल्या शिवणीतून दोन-चार धागे काढा, स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धरून पेटवा. मुलांना दूर ठेवा, पंखा बंद करा. कापूस कागदासारखा जळतो, कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. लोकर केस जळल्यासारखी वास देते, ज्योत काढली की बहुधा विझते आणि काळी गुठळी बोटाने चुरडता येते. पॉलिएस्टर वितळून आक्रसते, काळा धूर येतो आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो, तो चुरडत नाही. राखेत असा कडक दाणा सापडला तर कापड मिश्र आहे. वितळलेला थेंब गरम असताना हात लावू नका. याच कारणासाठी गॅसजवळ काम करताना पॉलिएस्टरची ओढणी किंवा गाऊन नको, वितळलेले कापड त्वचेला चिकटते. सुतीही पेट घेतेच, पण ते वितळून चिकटत नाही.

मग तुमच्यासाठी कोणते?

दिवसभर घरात किंवा दुकानात, कमी हालचाल असेल तर पातळ, सैल सुती. मलमल, व्हॉइल, पातळ खादी. वयस्कर आई-बाबांसाठीही हेच, आणि दुपारी एकदा कपडा बदलता येईल असा जोड हाताशी ठेवा. बदललेला कोरडा कपडा हा कुठल्याही महाग तंतूपेक्षा जास्त आराम देतो.

खेळ, धावणे, डिलिव्हरीचे किंवा साइटवरचे काम असेल तर जाळीदार, घाम पसरवणारे पॉलिएस्टर किंवा अर्धे-अर्धे मिश्र. घामोळ्याची प्रवृत्ती असेल तर अंगाला घट्ट नको.

प्रवास, एसी ऑफिस आणि इस्त्रीला वेळ नाही, असे असेल तर पातळ मिश्र शर्ट आणि आत सुती बनियन, किंवा स्टेशनपर्यंत साधा टी-शर्ट आणि ऑफिसात पोहोचल्यावर कोरडा शर्ट. सुरुवातीच्या त्या पंधरा मिनिटांचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे.

आणि एक गोष्ट कापडावर सोडू नका. घाम धारेने ओघळतो आहे, वारा नाही, डोके दुखते, मळमळते किंवा चक्कर येते असे वाटले तर शर्ट कोणता घातला आहे याचा विचार नको. सावलीत थांबा, पंख्याखाली या, कपडे सैल करा, मान आणि हात ओले करा आणि थोडे थोडे पाणी प्या. कोणी असंबद्ध बोलू लागले किंवा बेशुद्ध पडले तर त्याला तोंडाने काही पाजू नका, अंगावर पाणी घालून वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या. हवा घाम वाळवत नसेल तेव्हा चारही शर्टांची मर्यादा तिथेच संपते.

पुढच्या वेळी कपडे घ्यायला जाल तेव्हा लेबल नक्की वाचा, पण त्याआधी कापडाचा पदर ओठांशी धरून एक फुंकर मारा. दुकानदार क्षणभर बघत राहील, हरकत नाही. जूनमध्ये स्टेशनवर पोहोचल्यावर तुमची पाठ कोरडी असेल.